टोपी बाजारातली ताई

माझा पुतण्या लग्नानंतर पहिल्यांदा ग्वाल्हेरला आला तेव्हा सोबत नवी नवरी, मोदकांचा डबा आणि पुण्यातला सगळ्यात बिनधोक शब्द घेऊन आला होता. शब्द होता 'ताई'. पुण्यात म्हणे हल्ली भाजीवालीपासून बँकेच्या मॅनेजरीणबाईंपर्यंत सगळ्या ताई, आणि वॉचमनपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळे दादा. 'काकू' म्हटलं की समोरची बाई नकळत कानामागच्या बटेला हात लावते. 'मावशी' म्हटलं की तिला वाटतं, हा आपल्याला धुण्याभांड्याचं विचारतोय. 'मॅडम' म्हटलं की भाव वाढतो. 'ताई'ला मात्र आजवर कोणी नाक मुरडलं नव्हतं. नाक मुरडणारी बाई त्याला ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात भेटली.

महाराज बाड्याला लागून असलेल्या या गल्लीत बायकांच्या शृंगाराचं सगळं मिळतं. नव्या सुनेला लाखेच्या बांगड्या घ्यायच्या होत्या. दुकानात नवरा-बायको दोघं बसलेली. बाई अडतिसेक वर्षांची, डोळ्यांत नीट काजळ, हातात तिच्याच दुकानातल्या उत्तम बांगड्या. आमच्या आधीच्या गिऱ्हाइकाला तिनं तोच सेट दोनशे वीसला दिलेला मी माझ्या कानांनी ऐकला होता. पुतण्या पुढे झाला आणि तोंडभर हसून म्हणाला, "ताई, ये सेट कितने का है?"

"दो सौ साठ," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "सुन रहे हो? ताई लग रहे हैं हम इनकी."

नवरा मिशीत हसला. पुतण्याला वाटलं, हा आपल्या बाजूचा दिसतो. तो आणखी अदबीनं म्हणाला, "दादा, अब आप ही कुछ समझाइए." नवऱ्याचं हसू मिशीतच राहिलं.

हिंदीत 'ताई' म्हणजे ताऊची बायको. ताऊ म्हणजे बापाचा थोरला भाऊ. 'दादा' म्हणजे बापाचा बाप. म्हणजे माझ्या पुतण्यानं दोन वाक्यांत त्या बाईला त्याच्या बापाच्या थोरल्या वहिनीच्या जागी नेऊन बसवलं, आणि तिच्या नवऱ्याला तिच्याही पुढे, थेट आजोबांच्या खुर्चीत. हिशेब नीट मांडला तर प्रकार याहून वाईट होता. ताईचा नवरा हा दादांचा मुलगा. तेव्हा त्या गादीवर बसलेला गृहस्थ आता आपल्याच बायकोचा सासरा झाला होता. दोघांमधली हातभर जागा मला तरी एकदम वाढल्यासारखी वाटली.

मी मध्ये पडले. "जिज्जी," मी म्हटलं, "लड़का पूना का है. उधर ताई माने बड़ी बहन."

जिज्जी हा आमच्या इकडचा शब्द. थोरल्या बहिणीला म्हणतात, आणि कोणालाही म्हणतात. बाई जरा सैल झाली. पण जरा विचार करून म्हणाली, "बहन ठीक है. बड़ी काहे की?"

सेट दोनशे तीसला मिळाला. वरचे दहा रुपये 'बड़ी'चे.

बाहेर येऊन पुतण्या म्हणाला, "काकू, पण इंदूरला तर अख्खं गाव ताई म्हणतं ना?" त्याचं खरं होतं. सुमित्रा महाजन मूळच्या चिपळूणच्या, लग्न होऊन इंदूरला आल्या, 1989 पासून लागोपाठ आठ वेळा तिथून लोकसभेवर गेल्या आणि 2014 ते 2019 लोकसभेच्या अध्यक्षही होत्या. इंदूरचा मारवाडीही त्यांना ताई म्हणतो, मुसलमानही, सराफ्यातला रबडीवालाही. पण तिथं तो शब्द तीस वर्षं निवडून येत होता, म्हणून त्याला मराठी अर्थ चिकटला. इंदूरहून ग्वाल्हेरला यायला पाचशे किलोमीटर लागतात, आणि तेवढ्यात ताई पुन्हा ताऊची बायको होते.

आम्ही लष्करवाले या दुहेरी हिशेबात जन्मापासून राहतो. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, ती पुन्हा उठलीच नाही. तिचंच शहर झालं, आणि शहर झालं तरी लोक त्याला लष्करच म्हणत राहिले. त्या छावणीच्या मागोमाग आलेले कारकून, भिक्षुक, गवई आणि सरदार मराठी बोलत होते; भोवतालचा मुलूख ब्रज आणि बुंदेलीचा. दोनशे वर्षांत आमच्या मराठीत 'चाललंय' ऐवजी 'चालून राहिलं आहे' आलं, पोह्यांवर शेव आली, आणि नात्यांच्या शब्दांसाठी डोक्यात दोन तराजू आले. घराच्या उंबऱ्याच्या आत दादा म्हणजे भाऊ. उंबऱ्याबाहेर दादा म्हणजे आजोबा. लहानपणी मी गल्लीत "माझा दादा झाडावर चढला" असं हिंदीत सांगितलं तेव्हा शेजारचे तिघं शिडी घेऊन धावले होते.

पुतण्याला हे सगळं चहा पिताना समजावत होते, तेव्हा माझ्याही एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. 'काका' हा शब्द किती दयाळू आहे! बापाचा भाऊ थोरला असो की धाकटा, मराठीत तो काकाच. हिंदीत तशी सोय नाही. थोरला असेल तर ताऊ, धाकटा असेल तर चाचा. म्हणजे हिंदी बोलणाऱ्याला रस्त्यात अनोळखी गृहस्थ भेटला, की तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं की हा माणूस आपल्या बापाहून मोठा की लहान. चूक झाली तर ऐकणाऱ्याला ती लगेच कळते. चाचा म्हटलेला माणूस खूश होतो, कारण त्याला एका अनोळखी बापापेक्षा तरुण ठरवलेलं असतं. मराठी माणूस 'काका' म्हणून मोकळा होतो. बापाचं वय मध्ये येतच नाही. मला वाटतं, पुणेकरांचे निम्मे भांडणाचे प्रसंग या एका शब्दानं टळत असतील. उरलेले निम्मे टाळायला कुठलाच शब्द पुरा पडणार नाही.

पण काकालाही ग्वाल्हेरात एक खड्डा आहे. फाळणीनंतर इथं पुष्कळ पंजाबी आणि सिंधी कुटुंबं आली, आणि बाजारातली बरीच दुकानं त्यांची आहेत. पंजाबीत काका म्हणजे तान्हा मुलगा, बाळ्या. पुतण्या दुसऱ्या दिवशी नई सडकेवर एका सत्तरीच्या सरदारजींकडे स्वेटर बघायला गेला आणि, टोपी बाजारातून धडा घेऊन, 'दादा' गिळून 'काकाजी' म्हणाला. सरदारजी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी याच्या गालाला हात लावून विचारलं, "काका मैं हूं कि तू?" स्वेटर दीडशे रुपये कमी करून दिला. कोणालाही सत्तराव्या वर्षी बाळ म्हणून बघा. यात अपमान नाही, फक्त तो पंजाबी हवा.

काकूंचं गणित वेगळं. 'काकू' म्हणजे काकांची बायको, म्हणजे हाक मारणारा आधी तुमचं लग्न लावून देतो आणि मग पत्ता विचारतो. माझी एक मैत्रीण इथं कॉलेजात शिकवते, लग्न केलेलं नाही, पन्नाशीची आहे. तिला काकू म्हटलेलं मुळीच चालत नाही. मात्र तिचा राग वयावर नाही. "कोणाची काकू?" ती विचारते. "काका कुठाय? दाखव." मावशीत ही अडचण नाही. मावशी आईची बहीण. तिचं लग्न झालं काय, न झालं काय, ती मावशी असतेच. वास्तविक अनोळखी बाईला हाक मारायला याहून नेमका शब्द नाही. पण महाराष्ट्रातल्या शहरांनी त्याचं काय केलं बघा. इस्पितळातल्या आया, शाळेतल्या शिपाईणबाई, धुणंभांडं करणाऱ्या, या सगळ्या मावशी. त्याच इमारतीतल्या, त्याच वयाच्या, पण लिफ्टनं वर जाणाऱ्या काकू. आईची बहीण जिन्यानं आणि बापाच्या भावाची बायको लिफ्टनं, अशी वाटणी कोणी ठरवून केली नाही. पण पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत दहा मिनिटं उभं राहिलं की दिसते. म्हणूनच बंगल्यातल्या बाईला मावशी म्हटलं की ती दुखावते. तिला वय लागत नाही, जिना लागतो.

आणि आत्या? आयुष्यात कोणी अनोळखी बाईला 'ओ आत्या, जरा सरका' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. याचं कारण मला इरावती कर्व्यांच्या पुस्तकाकडे नेतं. भारतातल्या नात्यांच्या रचनेवर त्यांनी 1953 मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिला, आणि त्यात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात बसवलं. उत्तरेत मामाची मुलगी म्हणजे बहीण, संपला विषय. दक्षिणेत ती हक्काची नवरी. आपण मध्ये: मराठीत बऱ्याच जातींत मामाची मुलगी करता येते, आत्याची सहसा नाही. त्यामुळे मुलीच्या बाजूनं बघितलं तर आत्याचा मुलगा हा होणारा नवरा, आणि आत्या ही होणारी सासू. जुन्या घरांत सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणायची, ते यामुळेच. तेव्हा बसमध्ये परक्या बाईला आत्या म्हणणं म्हणजे तिच्या मुलाची चौकशी केल्यासारखं होईल. हे मी आमच्या भिंडकडच्या शेजारणीला एकदा सांगायला गेले. मामाच्या मुलीशी लग्न हे ऐकल्यावर तिनं पदर तोंडाला लावला आणि दोन दिवस आमच्याकडून विरजण नेलं नाही.

शेजारणींवरून 'जी' आठवलं. आमच्या गल्लीतल्या हिंदी मंडळींनी मराठी नाती प्रेमानं उचलली, पण 'जी' लावल्याशिवाय त्यांना हाक अपुरी वाटते. तशी मी 'काकूजी' झाले, माझी आई 'आईजी'. माझ्या सासूबाईंना घरातली मुलं आजी म्हणायची. समोरच्या मिश्राजींची सून बरेच दिवस त्यांना काहीच म्हणत नसे, नुसती वाकून नमस्कार करी. एक दिवस तिनं हळूच विचारलं, "आपके यहां दादी को 'आ' बोलते हैं ना? बच्चे 'आ-जी' बोलते हैं तो." तिच्या हिशेबी 'जी' आदराचा आणि नातं एका अक्षराचं. सासूबाईंना हे फार आवडलं. पुढं कितीतरी दिवस त्या औषध घेताना 'आ' करायच्या आणि स्वतःच म्हणायच्या, आदर विसरलात.

सगळ्यात नाजूक प्रकरण 'भाऊजी'. भाजीवाला माझ्या भावाला आम्ही 'भाऊ' म्हणताना ऐकायचा. त्यानं भलेपणानं 'जी' जोडलं आणि माझ्यासमोर माझ्या सख्ख्या भावाला म्हणाला, "आओ भाऊजी!" मराठीत भाऊजी म्हणजे दीर नाहीतर बहिणीचा नवरा. भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी मटारांकडे. भाजीवाल्याला काय चुकलं ते आजतागायत माहीत नाही. त्या दिवशी मटार चांगले होते.

'बाई'बद्दल तर पुण्याच्या जावेनं इथं एकदा संकट ओढवलं होतं. ती सकाळी ओट्यापाशी उभी राहून आमच्या टीकमगढकडच्या भाडेकरीणबाईंना सहज म्हणाली, "आपकी बाई कब आती है?" तिला विचारायचं होतं कामवालीचं. बुंदेलखंडात बाई म्हणजे आई. भाडेकरीणबाईंचे डोळे भरून आले. "बाई तो हमारी पिछले सावन में चली गईं," त्या म्हणाल्या. जाऊ म्हणाली, "मग दुसरी बघितली नाहीत का?" नशीब, हे मराठीत म्हणाली. याच गावात फुलबागेत झाशीच्या राणीची समाधी आहे. जून 1858 मध्ये ती इथंच लढताना पडली, आणि तिच्या नावातला 'बाई' हा सगळ्यांत मोठ्या मानाचा. तोच शब्द पुण्याच्या शाळेत गेला की हातात छडी घेतो, ओट्यापाशी गेला की झाडू घेतो, आणि हिंदी सिनेमात गेला की पायांत घुंगरू बांधतो. शब्दाचा काही दोष नाही, तो जिथं उभा राहतो तिथलं काम त्याला देतात.

तीच गोष्ट 'भैया'ची. मुंबईत हा शब्द कसा वापरतात ते सांगायला नको. ग्वाल्हेरात तो लाडाचा आणि अदबीचा. ग्वाल्हेर घराण्याचे थोर गवई राजाभैया पूछवाले हे मुळात बाळकृष्ण आनंदराव आष्टेकर. आष्टेकर हे आडनाव जितकं मराठी असायला हवं तितकं मराठी आहे. पण गावानं त्यांना राजाभैया केलं आणि ते संगीताच्या इतिहासात त्याच नावानं गेले. 1918 मध्ये भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली इथं माधव संगीत विद्यालय निघालं, तिथं त्यांनी पिढ्यान् पिढ्या शिष्य तयार केले. मुंबईच्या एखाद्या आष्टेकरांना कोणी भैया म्हणून बघावं. मी जामीन राहणार नाही.

आता इतकं सगळं जाणणाऱ्या मला कोणी दुखवू शकणार नाही, असं वाटेल. मलाही वाटायचं.

काकू व्हायला मला काही वाटलं नाही, कारण मी वयाच्या बाविसाव्या वर्षी खरीखुरी काकू झाले. या पुतण्याच्या बारशाला मीच पाळणा म्हटला होता. आंटीचं थोडं लागलं, तेही शब्दापेक्षा बोलणाऱ्यामुळे. हाकेत वय फक्त ऐकणाऱ्याचं नसतं, बोलणाऱ्याचंही असतं. सहा वर्षांच्या पोरानं आंटी म्हटलं तर मी त्याला गजक देते. पण मिश्या पिकलेला माणूस आंटी म्हणाला, तर तो मला म्हातारी ठरवण्यापेक्षा स्वतः तरुण व्हायला बघतो आहे, आणि त्याचा खर्च माझ्या नावावर टाकतो आहे. अशांसाठी मी 'बाबूजी' राखून ठेवलेलं आहे. "आंटी, खुल्ले पैसे हैं?" "नहीं हैं बाबूजी." एवढ्यानं पुरतं. पुढच्या वेळी तो 'बहनजी' म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात बाड्यावरून हजिऱ्याला जायला टेम्पोत चढले. संक्रांतीचे दिवस, हातात गजकीची दोन खोकी, टेम्पोत तीळ ठेवायला जागा नाही. कोपऱ्यात एक कॉलेजातला मुलगा बसला होता. तो ताडकन उठून वाकडा झाला (टेम्पोत सरळ उभं राहता येतच नाही) आणि म्हणाला, "आइए अम्मा, बैठिए."

अम्मा. काकू नाही, आंटी नाही, चाची नाही. मी तेव्हा बावन्न पूर्ण केली नव्हती. जागा हवी होती, गुडघा सकाळपासून कुरकुरत होता. पण त्या जागेची किंमत त्यानं मोठ्यानं सांगून टाकली होती आणि सात-आठ जणांनी ती ऐकली होती. मी म्हटलं, "बैठो बेटा, हमें आगे ही उतरना है." आगे म्हणजे हजिरा, हे त्याला माहीत नव्हतं. तो बसला. मी किल्ल्याच्या कडेकडेनं सगळा रस्ता मान मोडून, एका हातानं दांडा धरून, गजक छातीशी कवटाळून उभी राहिले. मुलगा माझ्या आधी उतरला, आणि उतरताना त्यानं माझ्याकडे जे बघितलं त्यात काळजी होती. ते मला हाकेपेक्षा जास्त लागलं.

त्याच्या रिकाम्या जागेवर मी बसले. खिडकीची जागा, वारा, गुडघा लांब करता येईल इतकी ऐसपैस. पुढच्या थांब्यावर एक बाई चढली. पासष्टीची तरी असेल, केस पांढरेशुभ्र, हातात मेथीच्या जुड्या. माझ्याहून तेरा-चौदा वर्षांनी मोठी. तिनं माझ्याकडे बघितलं, जागेचा अंदाज घेतला आणि म्हणाली, "जिज्जी, जरा सरक जइयो."

मी खिडकी सोडली. मेथी मांडीवर घेतली. उतरताना तिचेही दहा रुपये मीच दिले.